आरजेचं नाव ठरवताना आधी कानाला विचारा

समजा, प्राजक्ता कॉलेजच्या रेडिओवर संध्याकाळी जुन्या गाण्यांचा निवांत कार्यक्रम करते. ‘आरजे प्राजक्ता’ लिहायला छान, पण माइकजवळ ‘प्र’ म्हटला की हवेचा फटका बसून ‘भप्प’ आवाज येतो आणि घाईत ‘क्त’ गिळला जातो. ‘प्राजू’ केलं तर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ‘राजू’ ऐकू येण्याची भीती.

अशा कार्यक्रमाला ल, म, न असे मऊ वर्ण आणि शेवटी लांबवता येणारा स्वर शोभतो. म्हणून ‘अबोली’. शिवाय तासभर बोलणारीचं नाव अबोली, ही गंमत लक्षात राहते. (सकाळच्या धमाल कार्यक्रमाला मात्र हे नाव झोपाळू वाटेल, तिथे ‘चिंटू’, ‘टिक्की’सारखं खटकेबाज हवं.)

एक खोट आहे: ‘आरजे’नंतर लगेच ‘अ’ आला की ‘आरजेबोली’ होतं. मध्ये अर्धा श्वास थांबा, नाहीतर सरळ ‘मी अबोली’ म्हणा.

नाव पक्कं करण्यापूर्वी सुरुवातीचं वाक्य मागे गाण्याची सुरावट वाजवत फोनमध्ये रेकॉर्ड करा. ते नाव माहीत नसलेल्या पाच जणांना एकदाच ऐकवून लिहायला सांगा. दोघांनी चुकीचं लिहिलं तर नाव बदला.