किलबिल आणि मिसळबिसळ: फरक ओळखा

‘चल, पंचवटीत मिसळबिसळ खाऊ.’ इथे मिसळच हवी असं नाही, वडापावही चालेल. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ आला की ‘आणि तसलंच काही’ हा अर्थ मिळतो. हा अंशाभ्यस्त शब्द. ‘गरमगरम मिसळ’मध्ये आख्खा शब्द पुन्हा येतो आणि जोर वाढतो, म्हणून तो पूर्णाभ्यस्त.

परीक्षेत फसवतात ते ‘किलबिल’ आणि ‘गडगड’. अशा वेळी दुसरा भाग झाका. ‘मिसळ’ला अर्थ उरतो, ‘किल’ला नाही. ‘गड’ला उरतो खरा, पण गंगापूर धरणावर ढग गडगडतात त्यात किल्ला कुठे? तो नुसता आवाज. म्हणून दोन्ही अनुकरणवाचक.