नथीचे मोती ‘लखलखत’ नाहीत: दागिन्याच्या वर्णनातल्या या चुका टाळा

हाताने गुंफलेल्या नथीच्या फोटोखाली हमखास सापडणारं वाक्य: ‘लखलखत्या मोत्यांची, झगमगती, डोळे दिपवणारी नथ’. लखलखते ती वीज, नाहीतर चिंचेने घासलेलं तांब्याचं भांडं. झगमगतो तो लग्नाचा मांडव. मोत्याला असतं ते पाणी. मोती थरावर थर बसून तयार होतो. उजेड थोडा आत शिरून त्या थरांमधून परततो, म्हणून त्याचं तेज आतून आल्यासारखं दिसतं. ‘लखलखते’ वाचून नथ मागवणारी बाई घरच्या ट्यूबलाइटखाली डबी उघडते आणि तिला ती फिकी वाटते. नथ चांगलीच असते, फसवतो तो शब्द.

लिहिण्याआधी नथ दिवसा खिडकीपाशी धरा आणि मोत्यात खिडकीची चौकट शोधा. कडा रेखीव दिसल्या तर ‘पाणीदार’ म्हणा, पुसट दिसल्या तर ‘मंद तेजाचे’. चौकट दिसलीच नाही, तर चमकेबद्दल गप्प बसून रंग आणि आकार सांगा. लेप दिलेल्या काचेच्या मण्यातही चौकट छान दिसते, तेव्हा तिथे आधी ‘काचेचे मोती’ लिहायचं, मग बाकीचं. एवढी दोन मिनिटं ज्यांना जड जातात, तेच दुसऱ्याचं वर्णन उचलून चिकटवतात.

मधला पैलूदार खडा मात्र खरोखर चमचमतो. चमचम म्हणजे थांबून थांबून चमकणं. मान हलली की कधी या पैलूवर उजेड पडतो, कधी त्या. पण तो अमेरिकन डायमंड असेल तर ‘अगदी हिऱ्यासारखा’ लिहू नका. त्यातून हिऱ्यापेक्षा जास्त रंगीत ठिणग्या उडतात, जाणकाराला लगेच कळतं.

‘झळाळी’ सोन्याला शोभते (बातम्यांत तर भाव चढला की येतेच). काळपट केलेल्या ऑक्सिडाइज्ड चांदीला ती लावू नका. तिथे फक्त नक्षीचे उंचवटे उजळ असतात, तेवढंच सांगा.

‘चकचकीत’ स्टीलच्या डब्यांसाठी ठेवा.

एका दागिन्याला चमकेचे दोन शब्द पुष्कळ झाले, आणि तेही वेगवेगळ्या भागांना. वरची नथ मग अशी होते: ‘गोड्या पाण्यातले मोती, मंद तेजाचे. मधला गुलाबी खडा पैलूदार, मान वळली की चमचमतो. तार पितळेची, वर सोन्याचा मुलामा.’

राहिला तो ‘कायम टिकणारी चमक’ हा लाडका शेवट. घाम आणि अत्तराने मुलामा उतरतो. त्या जागी लिहा: ‘अत्तर लावून झाल्यावर घाला, काढल्यावर मऊ सुक्या कापडाने पुसा.’