सासरच्या एकत्र घरात कपड्यांचे कपाट कसे लावावे : मावशीचे पत्र

चि. सौ. सोनूस अनेक आशीर्वाद.

खानापूरच्या तुझ्या घरात चार सुना, एक न्हाणीघर आणि माडीवर कपडे वाळत घालायच्या दोनच दोऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवून कपाट लावायला घे. प्रथम लग्नातल्या सगळ्या साड्या पलंगावर काढून त्यांचे तीन ढीग कर : घरात नेसायच्या, जाण्यायेण्याच्या आणि कार्याच्या. नव्या सुनेचा तिसरा ढीग बहुधा डोंगराएवढा आणि पहिला चिमूटभर निघतो.

पहिला ढीग पावसाळ्याच्या हिशोबाने मोजावा. तिकडे पाऊस धरला की सुती साडी माडीवर वाळायला दोन दिवस सहज घेते. म्हणजे एक अंगावर, दोन दोरीवर, एक धुण्यात आणि एक अडीअडचणीला, अशा पाच हव्यात. त्यांतल्या दोन तरी मिश्र धाग्याच्या असाव्यात, कारण त्या लवकर वाळतात. परकरही तितकेच हवेत, आणि नेमके तेच कमी पडतात. परकर वाळलेला वाटला तरी नाडीचा नेफा ओला राहतो, म्हणून घडी घालण्यापूर्वी तो गालाला लावून पाहावा. गार लागला तर कपाटात ठेवू नये, नाहीतर शेजारच्या साड्यांनाही कुबट वास धरतो.

घरात पंजाबी ड्रेस चालतो का, हे आधी थोरल्या जाऊबाईंना एकटे गाठून विचार आणि मगच सासूबाईंकडे विषय काढ. चालत असेल तर पाचांतल्या दोन साड्यांऐवजी दोन ड्रेस ठेव, वर भर घालू नकोस.

कार्याच्या ढिगातल्या इरकलीकडे विशेष लक्ष दे. तिचे अंग सुती असले तरी पदर रेशमी किंवा नकली रेशमाचा असतो, त्यामुळे ती सुती साडीसारखी घासून धुऊ नये. लाल पदराच्या आतल्या टोकावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर ती घरी न धुता ड्रायक्लीनला द्यावी. जरीच्या साड्या धुवट सुती कापडात बांधाव्यात, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, आणि दसऱ्यानंतर चांगले ऊन पडले की सावलीत वारा देऊन घडीची रेघ बदलावी, कारण जरीची तार त्याच जागी मोडत राहिली की साडी तिथेच चिरते.

प्रत्येक साडी कोणी दिली ते चिठ्ठीवर लिहून घडीत ठेव. आत्तेसासूबाईंनी दिलेली साडी त्यांच्याच घरच्या बारशाला नेसलीस, तर ती त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. ओटीत येणाऱ्या ज्या साड्या नेसणार नाहीस, त्यांना फॉल-पिको न करता वेगळ्या ठेव; पुढे देण्याघेण्याला त्याच कामी येतात. दिवाळीपर्यंत नवी साडी घेऊ नकोस. पैसे खर्चायचेच असतील तर परकरांवर खर्च.

तुझी,
मावशी