लोणच्याच्या पाकिटावरचं ‘नॅचरल, घरगुती, नो प्रिझर्व्हेटिव्ह’: यातला प्रत्येक शब्द टिकेल असा कसा करायचा

पाकिटावर काय छापायचं हे आपल्याकडे बहुतेक वेळा डिझाइन करणारा पोरगाच ठरवतो. तो आधीच्या कुणाच्या तरी पाकिटावरून उचलतो, आपण व्हॉट्सअॅपवर बघून ‘छान आहे’ म्हणतो आणि पाच हजार पाऊच छापून येतात. मग कुणीतरी विचारतं, हे नॅचरल कशावरून? तेव्हा हातात काहीच नसतं. म्हणून छापायच्या आधी दोन तास बसून करायचं काम सांगतो. उदाहरण लोणच्याचं घेतलंय, कारण लोणच्यात या तिन्ही शब्दांची खरी गोची होते. केळीच्या वेफर्सचं त्या मानाने सोपं असतं.

समजा यावल तालुक्यातला एक बचत गट आहे, कैरीचं लोणचं करतो, जळगाव-भुसावळला विकतो आणि प्रदर्शनात स्टॉल लावतो. त्यांच्या लेबलवर असं आहे: “आजीच्या हातचं १००% नॅचरल घरगुती कैरीचं लोणचं. नो प्रिझर्व्हेटिव्ह, नो केमिकल.” शेजारी चुलीपुढे बसलेल्या आजीचं चित्र.

पहिलं काम म्हणजे ही ओळ तोडायची. एका कागदावर प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत लिहा: आजीच्या हातचं, १००%, नॅचरल, घरगुती, नो प्रिझर्व्हेटिव्ह, नो केमिकल, आणि सातवा दावा म्हणजे ते चित्र. हो, चित्रसुद्धा दावाच असतो, चूल बघून गिऱ्हाईक काय समजतं ते बघा ना. ब्रँडच्या नावात ‘नॅचरल’ किंवा ‘प्युअर’ असेल तर तेही या यादीत घ्या.

दुसरं काम जरा कंटाळवाणं आहे, पण खरी मेख इथंच आहे. बाहेरून विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूचं रिकामं पाकीट, डब्याचं लेबल, तेलाच्या पिंपावरचा स्टिकर असं सगळं गोळा करा आणि त्यावरचे घटक बारीक अक्षरातले सुद्धा वाचून लिहून काढा. आपल्याला वाटतं आपल्या लोणच्यात काय, कैरी, मीठ, मोहरीची डाळ, मेथी, मिरची, हळद, हिंग, तेल, बस. पण ही आपल्या डोक्यातली यादी असते, पाकिटांवरची वेगळी निघते. बाजारातला हिंग बहुतेक वेळा बांधानी हिंग असतो, म्हणजे त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. मैदा असला की लेबलवर गव्हाची अॅलर्जीची सूचना आपोआप आलीच, आणि ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचा बेत असेल तर तो तिथंच संपला. तेलाच्या पिंपावर ‘अँटिऑक्सिडंट ३१९’ दिसू शकतं, ते म्हणजे टीबीएचक्यू, तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं. व्हिनेगरच्या कॅनवर ‘सिंथेटिक, अॅसिटिक अॅसिडपासून बनवलेलं’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं.

आणि सगळ्यात दुर्लक्ष होतं ते ड्रमच्या कैरीकडे. सीझनमध्ये आपण गावातली कैरी अडकित्त्याने फोडतो ते ठीक, पण दिवाळीनंतर माल संपला की व्यापाऱ्याकडून मिठाच्या पाण्यातल्या फोडी आणतो, त्यात त्याने माल टिकवायचं सल्फाइट किंवा बेंझोएटसारखं रसायन टाकलंय का हे विचारत कुणीच नाही. विचारा, आणि लेखी मागा. ‘काही नाही ताई, फक्त मीठ आहे’ हे तोंडी उत्तर फाइलमध्ये लावता येत नाही.

आता तिसरं काम, एकेक शब्द धरून निकाल लावायचा.

‘नॅचरल’ आधी घेऊ, कारण तो सगळ्यात सोपा कटतो. एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याचे जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम आहेत, त्यात नॅचरल हा शब्द एकाच घटकाच्या पदार्थासाठी ठेवलाय, ज्यात वरून काहीही घातलेलं नाही आणि ज्यावर खाण्यालायक करण्यापुरतीच साधी प्रक्रिया झालीय. म्हणजे नुसती केळी वाळवून केलेली पावडर असेल तर तिच्यावर विचार होऊ शकतो. अनेक घटकांच्या पदार्थाला नॅचरल म्हणताच येत नाही, आणि लोणच्यात तर आठ-दहा घटक. तिथं फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं’ असं म्हणता येतं, पण तेसुद्धा प्रत्येक घटक त्या कसोटीत बसला तरच. आपल्या यादीत सिंथेटिक व्हिनेगर आहे, ३१९ वालं तेल आहे. नाही बसत. मग शब्द काढायचा, त्याला ‘निसर्गाच्या कुशीतलं’ वगैरे वळण देऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका, नियमात सूचित केलेलं पण धरतात.

‘१००%’ तर विनावाद काढा. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने लेबल आणि जाहिरातीत हा आकडा वापरू नका असं सगळ्या व्यावसायिकांना कळवलंय. ‘नो केमिकल’ पण काढा. मीठ हेच सोडियम क्लोराइड आहे, कशाच्या जोरावर उत्तर देणार? शिवाय त्यातून बाकीच्यांचं लोणचं केमिकलचं असं सुचवलं जातं, ते अजून वेगळं दुखणं.

‘घरगुती’वर गटातल्या बायका सगळ्यात जास्त भांडतात, आणि त्यांचं म्हणणं समजतं पण. त्या म्हणतात, भाऊ, आम्ही घरी करतो तस्संच करतो, मग घरगुती का नाही? पण नियमात होम मेड, होम कुक्ड असे शब्द गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल अशा रीतीने लेबलवर वापरू नका असं सरळ म्हटलंय. लोणचं भाड्याच्या शेडमध्ये, मिक्सिंगच्या ड्रममध्ये होतंय आणि फोडी व्यापाऱ्याच्या आहेत, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे येणारं स्वयंपाकघर तिथं नाहीच. इथं माझी युक्ती अशी, की ‘घरगुती’ म्हणताना आपल्याला नेमकं काय सांगायचंय ते विचारायचं. चव घरच्यासारखी? बायकांनी केलंय? थोडं थोडं केलंय? यातलं जे खरं आणि दाखवता येण्यासारखं आहे तेवढंच लिहायचं. “यावल तालुक्यातल्या महिला बचत गटाने तयार केलेलं” हे गटाच्या नोंदणीच्या कागदाने दाखवता येतं. “२० किलोच्या बॅचमध्ये” हे बॅच रजिस्टरने दाखवता येतं, फक्त मोठी ऑर्डर आली म्हणून बॅच ६० ची केली की ते खोटं झालं हे लक्षात ठेवा. आजीचं चित्र पण जाईल, त्या जागी कैरीच्या फोडींचा फोटो घ्या, तोही आपल्याच लोणच्याचा.

कुणी म्हणेल मग ‘पारंपरिक’ लिहू. त्यालाही अट आहे. ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हवी आणि फारशी न बदललेली हवी. आपल्या आज्या लोणच्यात सिंथेटिक व्हिनेगर ओतत नव्हत्या, तेव्हा व्हिनेगर असेपर्यंत तो शब्द लिहू नका.

आता ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’. हा दावा लोणच्यात जमू शकतो, पण मेहनत घेतली तर. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि वरचं तेल यांच्यामुळे. जुन्या नियमांत तर मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, तेल यांना पहिल्या वर्गाचे प्रिझर्व्हेटिव्हच म्हटलं होतं आणि बेंझोएट, सल्फाइट वगैरे दुसऱ्या वर्गात होते. आपलं म्हणणं या दुसऱ्या वर्गाबद्दल असतं. पण अॅसिटिक अॅसिड, म्हणजे नंबर २६०, हे आंबटपणासाठी पण असतं आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून पण गणलं जातं, त्यामुळे व्हिनेगर घालून ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ लिहिणं म्हणजे वादाला आवतण. दोन रस्ते आहेत: व्हिनेगर सोडा आणि कैरीच्या आंबटपणावर, पुरेशा मिठावर आणि तेलाच्या थरावर लोणचं टिकवा, नाहीतर दावा सोडा. दोन्ही एकाच वेळी धरून चालत नाही. आणि दावा टिकवायच्या नादात मीठ पण कमी करून बसू नका, मग बुरशी येते आणि दावा राहतो बाजूला.

दुसरा बारकावा असा, की विकतच्या घटकातून प्रिझर्व्हेटिव्ह इतकं कमी आलं की तयार मालात त्याचं काही काम होत नाही, तर घटकांच्या यादीत ते लिहायची सूट मिळू शकते. लोक इथं फसतात. यादीत लिहायची गरज नाही याचा अर्थ ते पाकिटात नाही असा होत नाही, तेव्हा ‘फ्री’ हा शब्द तरीही खोटा ठरतो. म्हणून मी ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ ऐवजी ‘सोडियम बेंझोएट किंवा सल्फाइट घातलेलं नाही’ असं नाव घेऊन लिहायला सांगतो. लवंग-दालचिनीसारख्या मसाल्यात बेंझोइक अॅसिड मुळातच थोडंसं असतं, तपासणीत त्याचा मागमूस आला तरी ‘घातलेलं नाही’ हे खरंच राहतं, ‘फ्री’ मात्र अडचणीत येतं. अर्थात ड्रमच्या फोडीत सल्फाइट निघालं तर हे वाक्यही गेलं. उलट तयार मालात किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर अॅलर्जीच्या सूचनेत ते लिहावंच लागतं.

तपासणी एफएसएसएआयने मान्य केलेल्या लॅबमध्ये करा, आणि नुसतं ‘प्रिझर्व्हेटिव्ह टेस्ट’ म्हणू नका, बेंझोइक अॅसिड, सॉर्बिक अॅसिड, सल्फर डायऑक्साइड अशी तीन नावं द्या. रिपोर्टमध्ये ‘आढळलं नाही’ असेल तर शेजारी मोजण्याची मर्यादा किती लिहिलीय ते पण बघा. आणि तो रिपोर्ट त्या एका बॅचचा असतो, ड्रमची कैरी सुरू झाली की नवा लागतो.

समजा गटाने व्हिनेगर सोडलं, घाण्याचं शेंगदाणा तेल धरलं आणि ड्रमच्या फोडी बंद करून सीझनमध्येच वर्षाचा माल घातला, तर लेबल असं होतं:

“कैरीचं लोणचं, तेलातलं. यावल तालुक्यातल्या महिला बचत गटाने २० किलोच्या बॅचमध्ये तयार केलेलं. घाण्याच्या शेंगदाणा तेलात. सोडियम बेंझोएट किंवा सल्फाइट घातलेलं नाही.” खाली घटकांची यादी, त्यात हिंगातल्या मैद्याचा उल्लेख, आणि अॅलर्जीच्या सूचनेत गहू व शेंगदाणा. मिरची फक्त नंदुरबारचीच घेता आणि तिची बिलं आहेत, तर तेही लिहा, ‘नॅचरल’पेक्षा त्याने माल जास्त खपतो असं माझं मत.

शेवटी प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद: तेलघाण्याचं बिल, बॅच रजिस्टर, लॅब रिपोर्ट, हिंगाच्या पाकिटाचा फोटो. कागद मिळत नसेल ते वाक्य छापायला जाऊ देऊ नका. ब्रँडच्या नावातच ‘नॅचरल’ अडकलं असेल आणि नाव बदलणं शक्य नसेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप सांगत नाही, अशी सूचना किमान ३ मिलिमीटर अक्षरात छापावी लागते.

आणि हे फक्त पाकिटापुरतं नाही. कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट, पत्रक, रॅपर, अगदी बिलसुद्धा येतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा स्टॉलवरचा जुना फ्लेक्स, गटाच्या इन्स्टा पेजवरची ओळ आणि बिलबुकावर छापलेलं ‘शुद्ध घरगुती’ हे तिन्ही त्याच दिवशी बदला.