एलटीपी आणि एनएमडीए रिसेप्टर: उत्तर लिहिताना या चुका टाळा

मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातली एलटीपी, म्हणजे लाँग-टर्म पोटेन्शिएशन, जोरदार चेतवल्यावर दोन चेतापेशींमधला जोड, म्हणजे चेतासंधी, बराच काळ बळकट राहणं, हा प्रश्न आला की आमच्या लातूर-नांदेडकडच्या पोरांचं पाठांतर पक्कं असतं. १९७३, ब्लिस आणि लोमो, भूल दिलेला ससा, डेन्टेट जायरस, सगळं जागच्या जागी. घोडं अडतं ते पुढे: ग्लुटामेट या संदेश नेणाऱ्या रसायनाला प्रतिसाद देणारा एनएमडीए रिसेप्टर नेमका कधी लागतो आणि कधी लागत नाही. मार्क तिथेच जातात, कारण आलेख दिला की पाठ केलेली वाक्यं कामाला येत नाहीत.

चूक पहिली: ‘ग्लुटामेट आलं, रिसेप्टर उघडला, कॅल्शिअम आत गेलं’

हे वाक्य अर्धंच खरं आहे. पेशी शांत असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. या दाबाला एनएमडीए रिसेप्टरच्या छिद्रात मॅग्नेशिअमचा आयन अडकलेला असतो. ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी वाट जवळपास बंदच राहते. त्या वेळी काम करतो तो शेजारचा एएमपीए रिसेप्टर. त्यातून सोडिअम आत येतं आणि पेशीत छोटासा विद्युत प्रतिसाद उठतो. रोजचं संदेशवहन बहुतांशी एवढ्यावरच चालतं.

पाठवणाऱ्या तंतूंवर विजेचे झपाझप ठोके आले, किंवा बरेच तंतू एकदम बोलले, तर एएमपीएमधून आलेल्या सोडिअममुळे पेशीचा दाब बराच वर चढतो आणि मॅग्नेशिअम छिद्रातून बाहेर ढकललं जातं. आता ग्लुटामेटही चिकटलेलं आहे आणि वाटही मोकळी आहे, म्हणून कॅल्शिअम आत शिरतं. ग्लुटामेटखेरीज ग्लायसिन किंवा डी-सेरीनही त्याच्या वेगळ्या जागेवर बसलेलं लागतं, ते एका ओळीत लिहा. मॅग्नेशिअमचा उल्लेख मात्र गाळू नका. पाठवणारी पेशी आणि घेणारी पेशी एकाच वेळी जागी होती, ही खूण या रिसेप्टरला कळते ती मॅग्नेशिअममुळेच.

चूक दुसरी: एलटीपी टिकवायलाही एनएमडीए लागतो असं समजणं

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आठवा. लाइट नसेल तर हिरवं बटन कितीही दाबा, काही होत नाही. लाइट असताना दाबलं की मोटार सुरू होते, आणि मग बोट काढलं तरी चालूच राहते. एनएमडीएचं काम त्या दाबण्यापुरतं आहे. कॅल्शिअम आत गेलं की सीएएमकेटू हे एन्झाइम जागं होतं, चेतासंधीवर एएमपीए रिसेप्टर वाढतात आणि पुढचा वाढलेला प्रतिसाद त्यांच्यामार्फत येतो.

आता नेहमी विचारला जाणारा प्रसंग सोडवून पाहू. उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा जिवंत काप आहे. सीए-थ्रीकडून सीए-वनकडे जाणाऱ्या शॅफर तंतूंना दर ३० सेकंदांनी एक हलका ठोका देऊन सीए-वन भागातल्या प्रतिसादाचा उतार मोजतोय. २० मिनिटं रेषा सपाट आहे, तिला १०० टक्के म्हणू. मग एका सेकंदात १०० ठोके दिले. औषध नसेल तर उतार चढतो आणि तासभरानंतरही, समजा, १५० टक्क्यांवर राहतो. हे आकडे उदाहरणापुरते घ्या.

दुसऱ्या कापात १०० ठोक्यांच्या आधी एनएमडीए अडवणारं एपी-५ हे औषध द्रवात सोडलं. सपाट रेषा हलत नाही, कारण ती एएमपीएच्या जिवावर आहे. ठोक्यांनंतर काही मिनिटं रेषा उसळते आणि परत १०० वर येते. ही उसळी म्हणजे ‘थोडी एलटीपी झाली’ असं लिहू नका. तो तात्पुरता परिणाम असतो, एलटीपी झालेलीच नाही. आता औषध धुऊन काढलं आणि पुन्हा ठोके दिले, तर रेषा १५० वर जाऊन टिकते. म्हणजे काप धडधाकट होता, अडचण औषधाचीच होती. १९८३ मध्ये कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते याच धर्तीवर.

तिसऱ्या कापात आधी एलटीपी होऊ दिली आणि तासाभराने एपी-५ सोडलं. वर्गात हे विचारलं की हमखास कुणीतरी म्हणतं, “मॅडम, मंग रेषा खाली यायला पाहिजे की!” नाही येत. ती १५० वरच राहते. जो विद्यार्थी इथे रेषा खाली आणतो त्याने औषधाची वेळ पाहिलेली नसते. उलटी चूकही तितकीच दिसते: तिसऱ्या कापाकडे बघून ‘एलटीपीला एनएमडीए लागत नाही’ असा निष्कर्ष काढणं.

आलेखात रेषा खाली घसरताना दिसलीच, तर औषधाला दोष देण्याआधी त्याच कापातली दुसरी, फक्त हलके ठोके दिलेली, १०० ठोके न दिलेली वाट बघा. तीही घसरत असेल तर काप थकतोय किंवा इलेक्ट्रोड सरकलाय. तंतूंची स्वतःची लाट, म्हणजे प्रतिसादाच्या आधी दिसणारा छोटा खळगा, लहान झाला असेल तर कमी तंतू चेतले जाताहेत, चेतासंधी अशक्त झालेली नाही.

चूक तिसरी: ‘एलटीपी म्हणजेच स्मृती’ असं ठोकून देणं

१९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एपी-५ सोडत ठेवलं आणि त्यांना गढूळ पाण्याच्या हौदात पोहायला लावलं. पाण्याखाली लपलेला चौथरा आजूबाजूच्या खुणांवरून शोधायचा होता. औषध दिलेल्यांना ती जागा शिकणं जड गेलं, पण डोळ्यांनी ओळखायचा वेगळा धडा मात्र जमला. म्हणजे ते आंधळे किंवा सुस्त झालेले नव्हते. आणि जागा आधी शिकून झाली असेल तर नंतर औषध देऊन ती पुसली जात नाही. तिसऱ्या कापाशी हे जुळतं, आणि उत्तरात हा दुवा जोडला की परीक्षकाला कळतं की समजून लिहिलंय.

पण इथेच थांबू नका. १९९५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की उंदरांना आधी एखाद्या हौदाचा सराव असेल, तर एपी-५ असतानाही ते नवी जागा बऱ्यापैकी शिकतात. याचा अर्थ हौदातल्या अपयशाचा काही वाटा ‘पोहून शोधायचं कसं’ हे न उमगण्याचाही असू शकतो. म्हणून ‘सिद्ध झालं’ लिहू नका. ‘जागेची नवी स्मृती घडायला एनएमडीएवर अवलंबून असलेला बदल लागतो असे भक्कम पुरावे आहेत, पण औषधाचे इतर परिणाम वेगळे काढावे लागतात’ असं लिहा. माझ्या मते दीर्घोत्तरी प्रश्नात ही एक ओळ आकृतीपेक्षा जास्त वजनाची आहे.

आणि एक छोटी

‘हिप्पोकॅम्पसमधली प्रत्येक एलटीपी एनएमडीएवर चालते’ हे विधान बरोबर-चूकमध्ये आलं तर चूकवर खूण करा. डेन्टेट जायरसकडून येणारे मॉसी तंतू ते सीए-थ्री या टप्प्यावरची एलटीपी एपी-५ असतानाही होते, आणि तिथला बदल मुख्यतः पाठवणाऱ्या टोकाकडे, ग्लुटामेट जास्त सुटण्यात असतो. उलट, सीए-वनमध्ये सेकंदाला एक अशा सावकाश ठोक्यांनी चेतासंधी अशक्तही करता येते, आणि त्या एलटीडीलाही, म्हणजे लाँग-टर्म डिप्रेशनलाही, बहुधा एनएमडीएच लागतो. फरक कॅल्शिअम किती आणि किती वेगाने आत येतं, यात असतो.