लांबच्या फ्लाइटमधे लेन्स डोळ्याला चिकटली तर ओढू नका, आणि चिकटू नये म्हणून या चुका टाळा

मी नागपुरात गेली बरीच वर्षं चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचं काम करते. जून-जुलै आला की अमेरिकेला शिकायला निघालेली मुलं लेन्सचे डबे घ्यायला येतात, आणि मग त्यातल्या एकदोघांचा आठवड्याभरात फोन येतोच की काकू डोळा लाल झाला. मागच्या वर्षीचा असाच एक फोन मला विसरता येत नाही म्हणून हे लिहितेय.

मनीष नगरची मुलगी, महिन्याची सॉफ्ट लेन्स वापरणारी. पहाटे साडेतीनला घरीच लेन्स घातल्या, सोनेगावहून दिल्ली, दिल्लीला सहासात तास बसली, मग सॅन फ्रान्सिस्कोची सोळा तासांची फ्लाइट, आणि मधे सातआठ तास लेन्स डोळ्यात ठेवूनच झोपली. उतरल्यावर वॉशरूममधे आरशासमोर उभी राहून लेन्स काढायला गेली तर निघेचना, म्हणून नखं लावून जोरात ओढली. तोपर्यंत लेन्स डोळ्यात जाऊन सत्तावीस तास झाले होते. रात्री मला व्हिडिओ कॉल, "काकू, डोळा उघडूनच नाही राहिला, नुसतं पाणी वाहून राहिलं, लाईट तर बघवतच नाही." मी म्हटलं, बाळा आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, सकाळची वाट पाहू नको. तिथे पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वरची साल एका जागी निघालेली होती. अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले, डोळा बरा होईपर्यंत लेन्स बंद. नशीब की इन्फेक्शन नाही झालं.

आता लेन्स चिकटते कशी ते समजून घ्या. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते आणि त्यात बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा गरम करून केबिनमधे सोडतात, त्यामुळे लांबच्या फ्लाइटमधे आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली जाते. आपल्या मे महिन्यातली दुपार आठवा, ओठ फुटतात, ओला रुमाल दहा मिनिटात कडक होतो, फक्त इथे आपण कूलर लावून हवा ओली करतो आणि विमानात कूलर नसतो. सॉफ्ट लेन्समधे भरपूर पाणी असतं. ते उडायला लागलं की लेन्स थोडी आक्रसते, डोळ्यावर घट्ट बसते आणि तिच्या खालचा अश्रूंचा पातळ थर संपत जातो. मग पापणी मिटली की लेन्स जी जराशी सरकायला पाहिजे ती सरकत नाही. त्यात समोरच्या स्क्रीनवर सिनेमा लावला की माणूस पापण्या कमी मिटतो, आणि डोक्यावरचा एसीचा नॉझल तोंडावर असेल तर विचारूच नका. तो नॉझल आधी गुडघ्याकडे वळवा, हे फुकटात होतं आणि खरंच फरक पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेन्स घालून झोपणं. "फक्त एक डुलकी घेते" म्हणतात आणि चार तास जातात. पापणी बंद झाली की कॉर्नियाला हवेतून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो, वर लेन्स असली की आणखीनच कमी, आणि लेन्ससकट झोपणाऱ्यांमधे कॉर्नियाच्या इन्फेक्शनचा धोका कितीतरी पटीने वाढतो. त्यामुळे माझं सरळ मत आहे की रात्रीची फ्लाइट असेल तर घरून चष्मा लावूनच निघा. लेन्स घालायच्याच असतील तर रोजच्या रोज फेकायच्या, म्हणजे डेली डिस्पोजेबल घ्या, झोपायच्या आधी काढून टाका आणि पर्समधे चष्मा ठेवा. चष्मा चेक-इन बॅगेत टाकणारे मी खूप पाहिलेत.

दुसरी चूक ड्रॉप्सची. लाली घालवणारे ड्रॉप्स रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा पांढरा दिसतो पण ओलावा येत नाही, शिवाय बऱ्याच ड्रॉप्समधलं प्रिझर्व्हेटिव्ह सॉफ्ट लेन्स शोषून घेते. लेन्सवर चालतात असं डब्यावर स्पष्ट लिहिलेले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लुब्रिकंट ड्रॉप्स घ्या, एकेका वापराच्या छोट्या प्लास्टिक कुप्या येतात त्या प्रवासाला एकदम बरोबर. डोळा टोचायच्या आधीच दर दोनेक तासांनी एक थेंब. आणि लेन्स ठेवायचं सोल्युशन हे ड्रॉप्स नाही, ते डोळ्यात टाकू नका. पेरॉक्साइडवालं असेल तर भयंकर आग होते, ते प्रवासात नेऊच नका. हँडबॅगेतली बाटली १०० मिलीच्या आतली पाहिजे. १२० मिलीच्या बाटलीत निम्मंच उरलं असलं तरी सिक्युरिटीवाले काढून ठेवतात, कारण ते बाटलीचा आकार बघतात.

आता चिकटलीच तर काय? आधी हात साबणाने धुवून नीट कोरडे करा. नुसतं सॅनिटायझर लावून डोळ्याला हात लावू नका, बोटावर उरलेलं अल्कोहोल डोळ्यात गेलं तर जबरदस्त झोंबतं. मग तेच लुब्रिकंटचे तीनचार थेंब टाका, डोळा मिटा, पापणीवरून बोटाच्या पेराने अगदी हलकं फिरवा आणि पाच मिनिटं थांबा. आता वर बघून लेन्सला खालच्या कडेला हळूच बोट लावा. पांढऱ्या भागाकडे सरकली तर सुटली, तिथेच चिमटीत धरून काढा. नाही सरकली तर परत थेंब, परत पाच मिनिटं, कधीकधी वीस मिनिटं लागतात, लागू द्या. विमानातल्या नळाचं पाणी मात्र अजिबात नको, डोळ्यालाही नाही आणि लेन्सलाही नाही, नळाच्या पाण्यात अकँथमीबा नावाचा जीव असू शकतो आणि त्याचं इन्फेक्शन महिनोन्महिने छळतं.

लेन्स निघाल्यावर तासाभरात खुपणं कमी व्हायला पाहिजे. उलट दुखणं वाढलं, उजेड सहन झाला नाही, धूसर दिसलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर, आणि स्वतःच्या मनाने पट्टी बांधू नका.

स्किनचं थोडक्यात सांगते. चेहऱ्यावर सारखा पाण्याचा स्प्रे मारून उपयोग नाही, ते पाणी लगेच उडून जातं. तोंड धुतल्यावर कातडी जराशी ओली असतानाच जाड क्रीम लावा, ओठांना व्हॅसलीन. पण क्रम पाळा, लेन्स काढून झाल्यावर क्रीम. क्रीमचे हात लेन्सला लागले की तिच्यावर तेलकट थर बसतो, सगळं धुरकट दिसतं आणि माणूस डोळा चोळत बसतो.

ती मुलगी डिसेंबरात घरी आली तेव्हा पूर्ण प्रवास चष्म्यावर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी आरशात डोळे पाहिले, लाली नव्हती, मग नवीन जोडी उघडून घातली आणि मला फोटो पाठवला.