‘मन दुखावलं असेल तर माफ करा’: माफी मागताना या चुका टाळा

गावातल्या तंटामुक्त समितीत काही वर्षे बसल्यावर माणसाला दोन गोष्टी ऐकून कंटाळा येतो. एक म्हणजे धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद आणि दुसरी म्हणजे ‘तुमचं मन दुखावलं असेल तर मी माफी मागतो’ हे वाक्य. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हापासून सतरंजीवर समोरासमोर बसवून वाद मिटवण्याची आम्हाला सवय झाली आहे, पण या एका वाक्याने मिटत आलेला वाद पुन्हा पेटलेला मी वारंवार पाहिला आहे. बोलणाऱ्याला वाटते की आपण नमलो, आणि ऐकणारा मात्र अधिकच चिडून उठतो.

असा एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये एका तरुण शेतकऱ्याने आपल्या धुऱ्यावरचे तण मारण्यासाठी टू-फोर-डी फवारले. हे औषध रुंद पानांच्या तणांसाठी असते, आणि कपाशी त्याला अतिशय नाजूक असल्यामुळे वाऱ्याबरोबर गेलेले थोडेसे तुषारही तिला बाधतात. त्या सकाळी वारा होता. काही दिवसांनी शेजारच्या काकांच्या पऱ्हाटीची नवी पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखी दिसू लागली. धुऱ्यालगतचे आठ तास, म्हणजे झाडांच्या आठ ओळी, बिघडले होते. पहिल्या दोन-तीन तासांत बिघाड जास्त होता आणि आत जावे तसा तो कमी होत गेला होता. काकांच्या स्वतःच्या पंपात आधीच्या तणनाशकाचा अंश राहिला असता, तर बिघाड त्यांनी जिथे जिथे फवारले तिथे दिसला असता आणि धुऱ्यापासून असा उतरत गेला नसता. म्हणजे औषध कुठून आले याबद्दल समितीतल्या कोणालाही शंका नव्हती, आणि त्या मुलालाही नव्हती.

तरीही बैठकीत तो म्हणाला, “काकाजी, तुमचं मन दुखलं असंन तर मले माफ करा.”

काका म्हणाले, “मन नाही बिघडलं बाप्पा माह्यं, पऱ्हाटी बिघडली.” आणि चपला घालून निघून गेले.

बैठक तिथेच मोडली. मुलाचे नातेवाईक म्हणू लागले की पोराने हात जोडले, आता आणखी काय पाहिजे. ही तक्रार मला नेहमी ऐकावी लागते, म्हणून काकांना काय खटकले ते नीट उलगडून सांगतो. घडलेली गोष्ट होती फवारणी. मुलाच्या वाक्यात फवारणी नव्हती, धुरा नव्हता, वारा नव्हता आणि तो स्वतःही फक्त माफी मागण्यापुरता होता. त्या वाक्यात तपासायला एकच गोष्ट ठेवलेली होती, ती म्हणजे काकांचे मन, आणि तेही ‘असेल तर’ म्हणून संशयात. अशी माफी पदरात पाडून घ्यायची तर काकांनी आधी चारचौघांत ‘होय, माझे मन दुखावले’ असे कबूल करायचे, म्हणजे आपण हळवे आहोत हे मान्य करायचे. आणि ‘नाही दुखावले’ म्हटले तर माफीचे कारणच संपते. ज्याचे नुकसान झाले त्यालाच साक्षीला उभे करणारे हे वाक्य आहे. ते बचावाचे वाटते, कारण ते बचावच करते.

‘काही चुकलं असेल तर’ हा याच घरातला दुसरा प्रकार. त्यात मनाऐवजी चूकच संशयात जाते. ‘कोणाच्याही भावना दुखावल्या असतील तर’ यात तर दुखावलेला माणूसही नाहीसा होतो. हा प्रकार पुढाऱ्यांकडून आपल्याकडे आला असावा, असे माझे मत आहे.

त्या मुलाला कोणीतरी सल्ला दिला की ‘तर’ काढून टाक. घाईच्या माणसांना असा उपाय फार आवडतो, कारण एक शब्द गाळला की काम झाले. मग तो म्हणाला की तुम्हाला वाईट वाटले याबद्दल माफी मागतो. अट गेली, पण अडचण होती तिथेच राहिली. वाक्याचा विषय अजूनही काकांचे वाईट वाटणे हाच होता. माझी साधी सवय अशी आहे की माफी मागणाऱ्याला आधी ‘माफी’, ‘मन’ आणि ‘वाईट’ हे तिन्ही शब्द न वापरता, काय केले ते ‘मी’पासून सुरू करून सांगायला लावायचे. जमत नसेल तर बैठक पुढे ढकलायची. त्या मुलालाही परत पाठवले, आणि पुढच्या बैठकीत तो जे बोलला त्याचा आशय असा होता: “काकाजी, त्या दिवशी वारा असतानाही मी धुऱ्यावर तणनाशक मारले. ते तुमच्या पऱ्हाटीवर गेले आणि आठ तास बिघडले. वारा पडेपर्यंत मी थांबायला हवे होते. ही माझी चूक आहे, मला माफ करा. वेचणीच्या वेळी हे आठ तास आणि मधले चांगले आठ तास वेगळे वेचून तोलू, जितका कापूस कमी भरेल तितक्याचे पैसे मी देईन.”

शेवटचा भाग मुद्दाम तसा ठेवला होता. कमी बाधलेली झाडे पुढे सावरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये नुकसानीचा आकडा ठरवला असता तर तो दोघांपैकी एकावर अन्याय करणारा ठरला असता. काकांनी तोलायला होकार दिला. माफ केले असे मात्र ते म्हणाले नाहीत, आणि आम्ही विचारलेही नाही.

‘मग माफ केलं ना?’ असे लगेच विचारणे ही पुढची चूक. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले, तेव्हा जबाबदारी मान्य करणे सर्वात प्रभावी ठरले, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी, आणि क्षमेची याचना सर्वात कमी प्रभावी. आमच्या बैठकांत लोक नेमका उलटा क्रम लावतात.

माफीनंतर ‘पण’ लावू नये. कारण सांगायचेच असेल तर समोरच्याने विचारल्यावर सांगावे.

‘असेल तर’ नेहमीच खोटे असते असे नाही. लग्न आटोपल्यावर मुलीचे वडील ‘काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या’ म्हणतात, तेव्हा कोणाची तक्रार समोर नसते आणि कोणी रागावतही नाही. तसेच आपले काय चुकले हे खरोखर ठाऊक नसेल, तर शंका असणे प्रामाणिकच आहे. फक्त तिला माफीचे कपडे घालू नयेत. सरळ विचारावे: “परवा बचत गटाच्या बैठकीत मी हिशोबाबद्दल बोललो आणि ताई, तुम्ही उठून गेलात. माझे कोणते बोलणे लागले?” उत्तर मिळाले की त्या नेमक्या बोलण्याची माफी मागावी, आणि ती मागताना ‘असे असेल तर’ पुन्हा आत शिरू देऊ नये.

आणि जागेबद्दल. ग्रामसभेत कोणाला चोर म्हटले असेल, तर रात्री त्याच्या घरी जाऊन ओसरीवर मागितलेली माफी अपुरी पडते; ज्यांनी आरोप ऐकला त्यांनी तो मागे घेतलेलाही ऐकला पाहिजे. उलट घरातले भांडण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘क्षमस्व’ टाकून मिटवू नये, कारण ज्यांना भांडण ठाऊकच नव्हते ते दुसऱ्या दिवशी चौकशीला येतात.